साडेचार महिने अडकलेला एक कागद

इंग्लंडमधल्या ज्या कारखान्यात मी अठरा वर्षं काम करते, तिथल्या कामगारांच्या पेन्शनचा पैसा सांभाळणाऱ्या ट्रस्टवर सभासदांनी मला निवडून दिलं. तिथल्या २००४च्या पेन्शन कायद्यानुसार किमान एक तृतीयांश ट्रस्टी सभासदांमधून यावे लागतात. आम्ही सहा जणांत दोन. अर्ज, निवड, पेन्शन नियामकाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम, हे सगळं सुरळीत पार पडलं. नव्या ट्रस्टीला शिकून घ्यायला सहा महिने मिळतात, तेवढे पुरले. तुम्ही नवे ट्रस्टी असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

पहिला धक्का कँटीनमध्ये बसला. "आता तू आमची माणूस, आतलं काय ते सांगत जा," असं सहकारी म्हणायला लागले. मला निवडलं त्यांनी, पण मी त्यांची प्रतिनिधी नव्हते. निवृत्त झालेले, नोकरी सोडून गेलेले, मृत सभासदांच्या पत्नी किंवा पती, या सगळ्यांचं हित मला सारखंच बघायचं होतं, आणि गोपनीय ते गोपनीय ठेवायचं होतं. हे दोन-तीन जवळच्या लोकांना पटवताना मला त्रास झाला.

पण माझा खरा राग आहे तो एका कागदावर, कंपनीच्या लाभांशाच्या आणि रोख पैशाच्या अंदाजावर.

आमची योजना जुन्या पद्धतीची, म्हणजे पगार आणि सेवेच्या वर्षांवरून पेन्शन ठरणारी. कबूल केलेल्या पेन्शनला पुरतील इतके पैसे फंडात आहेत का, याचं मूल्यमापन दर तीन वर्षांनी होतं. आमची तारीख होती ३१ मार्च २०२१. तिथपासून पंधरा महिन्यांत, म्हणजे ३० जून २०२२पर्यंत, तुटीचा आकडा आणि ती भरून काढण्याचा आराखडा कंपनीशी ठरवायचा. नाही ठरला तर नियामकाला कळवावं लागतं. हा हिशोब मांडणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीने सप्टेंबरात सांगितलं, तूट ९० लाख पौंड. कंपनी म्हणाली, वर्षाला १० लाख देऊ, नऊ वर्षं.

ऑक्टोबरच्या बैठकीत मी विचारलं: या नऊ वर्षांत भागधारकांना दरवर्षी किती लाभांश द्यायचं ठरलंय? आणि पुढच्या तीन वर्षांचा रोख पैशाचा अंदाज दाखवाल का? फायनान्स डायरेक्टर स्वतःही ट्रस्टी होते, कंपनीने नेमलेले. ते म्हणाले, ही माहिती व्यावसायिकदृष्ट्या संवेदनशील आहे. मी पुन्हा विचारलं, तुम्ही आत्ता ट्रस्टी म्हणून बोलताय की कंपनीतर्फे? खोलीत एकदम शांतता पसरली. अध्यक्षांनी हितसंबंधांची नोंदवही मागवली, आणि त्या मुद्द्यापुरते फायनान्स डायरेक्टर बाहेर गेले. इतकं विचारायला माझे हात थरथरत होते, पण आजही मला तो प्रश्न विचारल्याचा अभिमान आहे.

मग सुरू झालं थांबणं. पत्र, आठवण, "लीगल टीम बघतेय", पुन्हा आठवण. कायद्याने ट्रस्टींना कामासाठी लागणारी वाजवी माहिती कंपनीने द्यायलाच हवी, हे आमच्या वकिलाने लिहून दिलं. आम्ही गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या. तरी कागद हातात आला फेब्रुवारीच्या अखेरीस. पंधरा महिन्यांतले साडेचार महिने तिथेच गेले, आणि मोजणीला आमच्याकडे उरले चार.

कागद बघितल्यावर दिरंगाईचं कारण उघड झालं. लाभांशासाठी वर्षाला ३० लाख राखून ठेवले होते, म्हणजे पेन्शन फंडाला देऊ केलेल्या रकमेच्या तिप्पट. कंपनीची देण्याची ताकद किती, हे तपासणारा सल्लागार आम्ही ट्रस्टतर्फे वेगळा नेमला; कंपनीच्या सल्लागाराचा अहवाल वाचून समाधान मानू नका. जूनमध्ये ठरलं: वर्षाला १८ लाख, पाच वर्षं. आणि लाभांश २० लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेइतकेच पैसे फंडातही भरायचे.

आठवलं म्हणून सांगते, बैठकीसाठी आणि प्रशिक्षणासाठी पगारी वेळ मिळणं हा ट्रस्टीचा कायदेशीर हक्क आहे. मी पहिल्या वर्षी सुट्ट्या टाकल्या, तुम्ही टाकू नका.

अ‍ॅक्च्युअरीला विचारा: फंडाच्या गुंतवणुकीवरच्या परताव्याचा गृहीत दर पाव टक्क्याने कमी धरला तर तूट किती वाढते? आमचा दर किती आशेवर उभा होता, हे मला त्या एका उत्तरातून कळलं. आणि कंपनी बुडाली तर? बुडालेल्या कंपन्यांच्या पेन्शनसाठी असलेला संरक्षण निधी पेन्शनच्या वयाला न पोचलेल्यांना साधारण ९० टक्केच देतो, आणि पुढची वाढही कमी. निवृत्तांसमोर बसून हे आकडे सांगायची तयारी ठेवून प्रश्न विचारा.

प्रश्न आणि उत्तर, दोन्ही इतिवृत्तात जशीच्या तशी घ्यायला लावा. आमच्या पहिल्या मसुद्यात माझ्या लाभांशाच्या प्रश्नाचं "वित्तीय बाबींवर चर्चा झाली" एवढंच झालं होतं. मी ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय मंजुरी दिली नाही.

पुढच्या मूल्यमापनाआधी गोपनीयतेचा करार मी आधीच सही करून ठेवला, आणि रोख पैशाच्या अंदाजाची मागणी तारीख उजाडली त्याच दिवशी पाठवली. यावेळी कागद तीन आठवड्यांत आला.