अण्णांची चौकट एक पायरी खाली

रविवार, रात्र

उद्या अण्णांना सांगायचं आहे. आमच्या चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्स म्हणजे अण्णा, गेली २३ वर्षं. रात्री दोनला कॉम्प्रेसर बसला तरी फोन त्यांनाच जातो. आजवर ते थेट प्लँट हेडना रिपोर्ट करायचे. १ तारखेपासून त्यांच्यामध्ये आणि साहेबांमध्ये एक ऑपरेशन्स हेड येणार. तो म्हणजे आत्ताचा प्रेस शॉपचा मॅनेजर, वय ३७, आणि कारखान्यात आला तेव्हा त्याला प्रेसवरची डाय कशी बदलतात हे अण्णांनीच दाखवलं होतं. शिवाय अण्णांच्या १४ माणसांपैकी ९ जण प्रेस आणि वेल्डिंगच्या लाइन हेडांकडे जाणार.

कारण खोटं नाही. प्रेस थांबला की वेल्डिंगवाले म्हणतात आमचा रोबो आधी, प्रेसवाले म्हणतात आमची डाय आधी, आणि अण्णांचा माणूस मध्ये उभा. लाइनचा फिटर लाइनकडेच असावा, हे मलाही पटतं.

पण गेल्या वेळची आठवण जात नाही. दोन वर्षांपूर्वी स्टोअरची अशीच फेरमांडणी झाली. मी एचआरमध्ये नोटीस लिहीत बसले होते आणि तिकडे सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टिंग मॅनेजरचं नाव कुणीतरी आधीच बदलून टाकलं. स्टोअरमधल्या एकाने गणपतीची रजा टाकली, ती भलत्याच माणसाकडे मंजुरीला गेली. आपला साहेब बदलला हे त्याला रजेच्या अर्जावरून कळलं. तो आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. या वेळी आयटीला लेखी सांगितलंय की सिस्टिममधला बदल १ तारखेच्या सकाळीच करायचा, आदल्या रात्रीही नाही.

नोटिशीचा मसुदा आज चौथ्यांदा फाडला. पहिल्या मसुद्यात ‘कळविण्यास आनंद होतो’ होतं. आनंद कुणाला? दुसऱ्यात ‘कोणाच्याही भूमिकेत बदल नाही’ असं लिहिलं होतं. हे वाक्य सगळ्यात वाईट. पगार, ग्रेड, पदनाम तेच राहणार, हे खरं आणि ते लिहायलाच हवं. पण भूमिका बदलतेच आहे. ते वाक्य वाचून अण्णांना वाटलं असतं, मला खुळा समजतात.

सोमवार

सकाळी साहेब म्हणाले, “तू बोल ना अण्णांशी, तुझं ते बोलणं चांगलं असतं.” मी नाही म्हटलं. एचआरने बोलावून सांगितलं की माणूस आधी पगाराचा विचार करतो, मग नोकरीचा. ज्याच्याकडे अण्णा २३ वर्षं रिपोर्ट करत आले त्या खुर्चीनेच सांगायला हवं. मी खोलीतही बसणार नाही म्हटलं, पण अण्णांनीच नंतर मला बोलावून घेतलं. त्यांना साक्षीदार हवा होता बहुतेक.

साहेबांना मी अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं. त्यात तीनच गोष्टी होत्या: काय ठरलंय, काय अजून ठरायचंय, आणि अण्णांकडून काय जातंय. तिसऱ्यावर साहेब अडखळले. “जातंय असं कशाला म्हणायचं?” मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर ते स्वतः मोजतील, आणि जास्त मोजतील.

साहेबांनी सांगितलं मात्र नीट. माणसं लाइन हेडांकडे जाणार, रिपोर्टिंग ऑपरेशन्स हेडकडे, हे पक्कं आहे, यावर चर्चा नाही. आमच्या नऊ जणांच्या यादीत बदल हवा तर तो अण्णांनी सांगायचा. मोठे ब्रेकडाउन, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर, सुट्या भागांची खरेदी आणि प्रतिबंधात्मक देखभालीचं वेळापत्रक त्यांच्याकडेच. मशीन कुलूप लावून बंद करण्याचा आणि कुलूप काढून पुन्हा चालू करण्याचा परवाना, ज्याला आम्ही लोटो म्हणतो, तोही अण्णांच्याच सहीने. लाइन हेड कितीही ओरडला तरी त्या सहीशिवाय मशीन सुरू होणार नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “क्वालिटी तुमच्याकडेच राहिली. मी का नाही?”

हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं. क्वालिटीला माल अडवण्याचा, उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा असं वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकातच आहे, आणि उत्पादनाची जबाबदारी ज्याच्यावर त्याच्याच हाताखाली क्वालिटी गेली तर ती अडवणार कुणाला? मेंटेनन्सचं तसं नाही, ते उत्पादनासोबतच चालतं. साहेबांनी एवढंच सांगितलं. तुमचं काम कमी महत्त्वाचं नाही वगैरे जोडलं नाही. मी मनात हुश्श केलं.

पुढचा प्रश्न मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. “सकाळच्या पावणेनऊच्या मीटिंगला मी असणार की नाही?”

साहेबांच्या केबिनमधली ती वीस मिनिटं. चहा, कालचे आकडे, कुणाची तरी खेचाखेची. कागदावर तिची नोंदही नाही. पण कारखान्यात कोण मोठा आणि कोण लहान हे तिथे कोण बसतो त्यावरून ठरतं. मी २४० माणसांच्या रिपोर्टिंगचा तक्ता काढला आणि पाच खुर्च्यांचा विचार केला नाही!

साहेबांच्या तोंडावर ‘बघू’ आलेलं मला दिसलं. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, हे शिपायालाही कळतं. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, “आत्ता माझ्याकडे उत्तर नाही. उद्या अकराला सांगतो.”

अण्णांनी जाताना एक काम करून दिलं. नऊच्या यादीतला एक जण कापला. “हा कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून सांगतो काय बिघडलंय. याला लाइनवर दिलात तर दिवाळीत बोंबलाल.” म्हणून आता आठ जाणार, सहा राहणार. तासाभराने वेल्डिंगच्या हेडलाही सांगितलं. तोही एक पायरी खाली येतोय, पण त्याने लाइनला फिटर किती आणि कोण, एवढंच विचारलं. माणसागणिक दुखण्याची जागा वेगळी.

मंगळवार

अकराला पाच कमी असताना अण्णा दारात. साहेबांनी सांगितलं: सकाळची मीटिंग आता ऑपरेशन्स हेड घेणार, शॉप फ्लोअरच्या फळ्यापाशी, उभ्याने. अण्णा त्यात असतील. केबिनमधली रोजची मीटिंग बंद. साहेबांबरोबर अण्णांची बैठक दर गुरुवारी, मशिनरीच्या खर्चापुरती.

म्हणजे रोजची केबिन गेली. अण्णांनी मान हलवली. “गुरुवारची रद्द होणार नाही ना?” साहेबांनी डायरीत त्यांच्यासमोर मार्चपर्यंतचे गुरुवार भरले. मला ते जरा नाटकी वाटलं, पण अण्णा बघत होते.

दुपारी मी तक्त्याशी झटले. जुन्या तक्त्यात साहेबांच्या खाली पाच चौकटी एका ओळीत, अण्णांची डावीकडून तिसरी. नव्यात ती एक ओळ खाली. बाजूला ग्रेड छापला, रंग बदलले, आडवा करून पाहिला. काही उपयोग नाही, डोळा आधी उंचीच बघतो. शेवटी नोटिशीतून तक्ताच काढला आणि जागी साधी सारणी टाकली: कुठल्या कामाला कुणाकडे जायचं. रोजचं काम आणि रजा लाइन हेडकडे. तांत्रिक अडचण, प्रशिक्षण, लोटो अण्णांकडे. एकाच वेळी दोन मशिनं बंद पडली तर आधी कुठलं, हे ऑपरेशन्स हेड ठरवणार. फिटरला एवढंच हवं असतं. तक्ता लागेल त्याला सिस्टिममध्ये दिसेलच.

वार्षिक मूल्यमापनाचं राहिलंच होतं. आमचं वर्ष एप्रिल ते मार्च, बदल ऑक्टोबरपासून. अर्धं वर्ष जुन्या साहेबाच्या हाताखालचं. त्याचा अभिप्राय लेखी घेतला नाही तर मार्चमध्ये नवा साहेब कोऱ्या पाटीवर गुण देणार आणि माणूस म्हणणार, बघा, बदलल्यावर मार्क पडले. म्हणून आठ फिटरांचे सहा महिन्यांचे अभिप्राय अण्णांनी ३० तारखेपर्यंत लिहून द्यायचे, आणि अण्णांचा साहेबांनी.

ऑपरेशन्स हेडच्या बढतीचं काय करायचं यावर साहेबांशी वाद झाला. त्यांना एकाच पत्रात अभिनंदन हवं होतं. बढती त्याच नोटिशीत हवी हे मलाही मान्य, वेगळी काढली तर लपवल्यासारखं दिसतं. पण ‘उल्लेखनीय नेतृत्व’ वगैरे कौतुक त्याच कागदावर आलं की खालच्या ओळीतलं नाव आपोआप नापास ठरतं. शेवटी नाव, पद, तारीख एवढंच ठेवलं. पेढे नंतर वाटा म्हटलं.

बुधवार, म्हणजे आता गुरुवारच लागलाय

सकाळी युनियनच्या प्रतिनिधींना आधी दाखवलं. त्यांनी पहिलं विचारलं ते पाळ्यांचं. फिटरांच्या पाळ्या बदलायचा एक मुद्दा मूळ योजनेत होता, तो मी आधीच वगळला होता. पाळ्या बदलणं म्हणजे बदलाची रीतसर नोटीस आणि २१ दिवस थांबणं. ती गोष्ट यात कालवली असती तर सगळंच संशयात गेलं असतं.

पाळी बदलताना पहिल्या आणि दुसऱ्या पाळीला एकत्र सांगितलं. साहेब सात मिनिटं बोलले. आठ फिटरांना त्याआधीच अण्णांनी स्वतः एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही त्यांचीच अट होती.

तिसऱ्या पाळीला नेहमी शिळं कळतं, व्हॉट्सअ‍ॅपवरून, तिखटमीठ लावून. म्हणून साहेब रात्री साडेअकराला पुन्हा आले. तोवर तिथे ‘अण्णांना काढलं’ अशी बातमी पोचलीच होती. अण्णा साहेबांच्या शेजारी उभे होते, त्यामुळे ती तिथेच मिटली. घरी यायला एक वाजला.

शनिवार

अण्णा माझ्या टेबलाशी आले, आठ अभिप्राय हाताने लिहिलेले, ३० तारखेच्या कितीतरी आधी. मी विचारलं, कसं वाटतंय.

“आवडलेलं नाही,” ते म्हणाले. “पण मला आधी सांगितलंत. बायकोला मी सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही.”

मग एका अभिप्रायावर बोट ठेवून म्हणाले, याला उंचीवर चढायची भीती वाटते, लाइन हेडला सांगून ठेवा, क्रेनवर पाठवू नका. मी ते लिहून घेतलं.

१ तारखेच्या सकाळी सिस्टिममधली दहा नावं एकेक उघडून बघायची आहेत. साडेसातला, पहिली रजा पडायच्या आत.