पेट्रोलच्या गाडीत डिझेल, आणि टाकी रिकामी करूनही न सुटलेला घोळ

पंपावरून निघालो तेव्हा गाडी नेहमीसारखीच पळत होती, म्हणून शंका आली नाही. पाइपात आधीचं पेट्रोल होतं, ते संपेपर्यंत काहीच कळलं नाही. किलोमीटरभराने ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसू लागले, इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला आणि मागून उग्र वासाचा पांढरट धूर निघाला. सिग्नलला थांबलो तेव्हा गाडी बंद पडली. मी आणखी चारपाच वेळा स्टार्टर मारला. हाच शहाणपणा नडला, कारण दर वेळी डिझेल पुढे इंजेक्टरपर्यंत ओढलं जात होतं. मग खिशातली पावती पाहिली: १५ लिटर, डिझेल. टाकीत आधीचं पेट्रोल जेमतेम १० लिटर असेल.

गाडी टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिकने मागची सीट उचलली, टाकीतल्या इंधन पंपाचं झाकण उघडून टाकी उपसली, नवं पेट्रोल भरलं आणि म्हणाला, "झालं, न्या." मी विचारलं, "फिल्टर, पाइप?" तर, "त्याची गरज नाही हो साहेब, आपोआप साफ होतं." गाडी सुरू झाली, दोन गल्ल्या गेली आणि पुन्हा तेच झटके. परत टो!

दुसऱ्या दिवशी तिथे उभा राहूनच सगळं करून घेतलं. पंपाच्या तळाच्या गाळणीत डिझेल साचलेलं होतंच, फिल्टर तर चिंब. इंजिनाकडची इंधनाची नळी सोडवून एका बाटलीत थोडं काढलं आणि कागदावर एक थेंब टाकला. पेट्रोल उडून जातं, हा थेंब मात्र तेलकट डाग ठेवून पसरला. मेकॅनिक गप्प. मग बाटलीत निव्वळ पेट्रोल येईपर्यंत पंप चालवून नळी धुतली, फिल्टर बदलला, प्लग काढले. ते काळे आणि ओले होते. डिझेल सहज वाफ होत नाही, ठिणगीने नीट पेटत नाही, त्यामुळे प्लग भिजून मिसफायर होतो. प्लग बदलल्यावर पहिल्या मिनिटाला धूर आला, मग इंजिन शांत झालं.

डिपस्टिकवरच्या ऑइललाही डिझेलचा वास येत होता, म्हणून तेही बदलायला लावलं. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. तुमची गाडी डिझेल भरल्यावर बरीच चालली असेल तर हे नक्की तपासा. झटके खात गाडी दामटू नका, न जळलेलं इंधन सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तो खराब होऊ शकतो.

हो, एक राहिलंच. चूक पंपावरच लक्षात आली तर किल्ली 'ऑन'वरही फिरवू नका, बहुतेक गाड्यांत तेवढ्यानेही इंधन पंप चालू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या. तेव्हा टाकी उपसण्यावर भागतं. पावती आणि बाटलीत काढलेला नमुना जपून ठेवा, पंपवाल्याशी बोलताना माझ्या हातात तेवढंच होतं.

गॅरेजच्या बिलात टाकी उपसण्याचे पैसे दोनदा लावले होते. एकदाचे मी पेनाने खोडले आणि उरलेलेच दिले.