‘उद्या’ म्हणजे नेमकं कधी?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी कास्टिंग तपासायच्या कामाला आहे. घर खानापूर तालुक्यात, भातशेतीचं. जुलैत पैऱ्याची माणसं एकदा ठरली की तारीख मागंपुढं होत नाही. त्यांचीही शेतं रांगेत असतात.

बुधवारी रात्री साडेनवाला निरोप आला की उद्यापासून लावणी. मी लगेच व्हॉट्सॲपवर साहेबांना लिहिलं. आधी ‘सर’. मग ‘घरात लावणी हाय’. मग ‘उद्या परवा यायचं होत नाही की’. शेवटी जोडलेले हात. निळ्या टिका पडल्या, उत्तर नाही. गप्प म्हणजे होकार, असं धरून मी दोन दिवस चिखलात उतरलो.

शनिवारी टाइमकीपरकडं बघितलं तर गुरुवारी गैरहजर, रजेचा पत्ताच नाही. शुक्रवारी मात्र रजा, आणि आज शनिवारीही! मी तर समोर उभा.

साहेब गोकाकचे, मराठी सरळ बोलतात. त्यांनी मोबाईल पुढं केला. गुरुवारी सकाळी आठला त्यांनी माझा फक्त तिसरा मेसेज एचआरला फॉरवर्ड केला होता. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर ना माझं नाव, ना बुधवारची वेळ. गुरुवारी वाचलेला ‘उद्या’ शुक्रवार झाला! नाव विचारायला एचआरनं फोन केला, तेव्हा टोकन नंबर तेवढा कळला.

“आणि हे ‘की’ कशाला?” साहेब म्हणाले. आमच्या बेळगावी बोलण्यात ‘की’नं वाक्य मऊ होतं. पण स्क्रीनवर आवाज नसतो. तिथं ते हुज्जत घातल्यासारखं दिसतं. शिवाय ‘यायचं होत नाही’ ही खबर झाली, मागणी कुठं आहे?

बुधवारी जे पाठवायला हवं होतं ते त्यांनी तिथंच माझ्याकडून लिहून घेतलं, एकाच मेसेजमध्ये:

‘आदरणीय सर, मी तपासणी विभाग, टोकन नं. 214. घरी भातलावणी असल्यामुळे गुरुवार दि. 10 व शुक्रवार दि. 11 जुलै अशी दोन दिवस रजा मंजूर करावी, ही विनंती. या दोन दिवसांचं काम सहकाऱ्याला समजावून दिलं आहे. शनिवार दि. 12 ला पहिल्या शिफ्टला हजर राहीन. अडचण असल्यास कृपया कळवावं.’

यातलं सहकाऱ्याचं वाक्य लिहिताना माझा हात अडखळला. खरं म्हणजे मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी ओळखलं असावं. “आधी सांगायचं, मग लिहायचं,” एवढंच म्हणाले.

शुक्रवारची रजा राहिली, शनिवारची चूक दुरुस्त झाली. गुरुवारचा पगार मात्र कापला गेला.

सुगीला पुन्हा रजा लागली तेव्हा तसाच मेसेज लिहून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “कुणाच्या लग्नाची पत्रिका रं ही?” साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘मंजूर. सोमवारी वेळेवर या.’