दोन दिवस रेपोसो

स्पेनमधली कामिनोची पायी यात्रा. बुर्गोसचं कॅथेड्रल झालं आणि मेसेता हे उघडं पठार लागलं. गव्हाची शेतं, सरळ रस्ता, सावलीला झाड नाही. तोंडी हरिपाठ, आणि पुढच्या जर्मनाच्या काठीच्या टकटकीने डोकं फिरलेलं. कारियोन दे लोस कोंदेसला पोचेपर्यंत उजवी नडगी घोट्याच्या वर सुजून लाल झाली होती. पुढे सतरा किलोमीटर एकही गाव नाही. विठ्ठल विठ्ठल करत लंगडत आरोग्य केंद्र गाठलं.

माझी स्पॅनिश कॉफी आणि कॉटपुरती. बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. त्यांनी पाय पाहिला आणि न विचारताच शिकवणी सुरू केली. 'मे दुएले', दुखतंय, म्हणायचं आणि बोट ठेवायचं, 'आकी', इथे. मग कधीपासून: 'देस्दे आयेर', कालपासून. मग कशाने वाढतं: 'अल बाखार', उतरताना; त्यासाठी दोन बोटं पिशवीवरून खाली चालवून दाखवली. दुखणं सुईसारखं टोचत असेल तर 'पिंचाथो', आणि ते माझ्याच दंडाला टोचून. चुकलं की पुन्हा म्हणायला लावत. पाय ठणकत होता, मला त्यांचा रागच येत होता. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी मला पुढे ढकललं.

डॉक्टरबाईंना आधी एका बोटाने जागा दाखवून हवी होती. मी तळहात फिरवायला लागलो तर त्यांनी तो बाजूला केला. चारही शब्द ओळीने म्हटले. किती दुखतं? एक ते दहा. चालताना 'सिएते', सात, बसल्यावर 'दोस', दोन; आकडे बाजारहाटात पाठ झालेले. त्यांनी पोटरी दाबली, मी म्हटलं 'आकी नो', इथे नाही. रक्ताची गुठळी तर नाही ना, ते बघत असाव्यात. 'फिएब्रे?' ताप आहे का? 'नो.' मग नडगीवर तळवा ठेवून पाऊल वरखाली करायला लावलं. आत नव्या चामड्यासारखी कुरकुर, मलाही हाताला लागली. टेंडिनायटिस. बुटाची नाडी नेमकी त्याच जागी करकचून बसत होती. त्यांनी वरच्या भोकांतून काढूनच टाकली.

औषधाचं मात्र बोलून भागेना. माझ्या बीपीच्या गोळीचं आपल्याकडचं ब्रँडचं नाव त्यांना काहीच सांगेना. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं 'अम्लोडिपिन' दाखवलं, तेव्हा 'आ, अम्लोडिपिनो' म्हणून मान हलवली. आयबुप्रोफेनवर काट मारून पॅरासिटामॉल लिहिलं, बर्फ आणि दोन दिवस 'रेपोसो', विश्रांती.

दोन दिवस! यात्रेकरूंच्या आल्बेर्गेत एकाच रात्रीची सोय असते. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. ती वाचून तिथल्या बाईंनी खालची कॉट दिली, वरच्या कॉटवर तोच जर्मन होता.