नव्या संकेतस्थळाचं परिपत्रक मी तीनदा लिहिलं

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा आमच्या शाळेचं नवं संकेतस्थळ तयार होतं. हजेरी, घटक चाचणीचे गुण, सूचना आणि बोनाफाईडचा अर्ज अशा चार गोष्टी पालकांना मोबाईलवर मिळणार होत्या. तसं परिपत्रक काढायचं काम मुख्याध्यापिका म्हणून माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी उरकेल असं मी धरलं होतं, पण त्याला दोन आठवडे लागले.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, काही कर्नाटकातही निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मूल मागे आजीजवळ राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पोरगं आज शाळेत गेलं का, हे त्या माणसांना कोपीवर बसून कळावं, एवढ्यासाठी मला हे संकेतस्थळ हवं होतं. म्हणून परिपत्रक समजलं नाही तर बाकी सगळं फुकट, हे मला पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. तरीही पहिला मसुदा मी कार्यालयीन सवयीनंच लिहिला. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात, शाळेच्या प्रगतीचा एक परिच्छेद, संकेतस्थळाची वैशिष्ट्यं आणि शेवटी पाठीमागच्या पानावर लॉगिनची माहिती.

छपाईला देण्याआधी तो आमच्या शिपाईमामांना दिला. त्यांची मुलगी आमच्याकडेच आठवीत आहे, म्हणजे तेही पालकच. मामांनी पहिलं पान पूर्ण वाचलं, मोबाईल काढला आणि विचारलं, "मॅडम, हे कुठं टाकायचं?" पत्ता सापडेपर्यंत त्यांनी पान दोनदा उलटंसुलटं केलं. मग गूगलच्या चौकोनात शाळेचं नाव बोलून टाकलं. आमच्या शाळेचं नाव राज्यातल्या कितीतरी गावांतल्या शाळांना आहे. त्यांच्यापुढे भलत्याच जिल्ह्यातल्या शाळेचं पान उघडलं आणि ते तिथंच लॉगिन शोधत बसले.

दुसऱ्या मसुद्यात मी प्रगतीचा परिच्छेद काढला. पत्ता सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत घेतला आणि शेजारी क्यूआर कोड टाकला. हा कोड आधी दोन सेंटिमीटरचा होता. मूळ प्रतीवरून तो लगेच उघडायचा, पण झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काळे ठिपके एकमेकांत मिसळले आणि साध्या मोबाईलचा कॅमेरा नुसताच त्याच्यावर फिरत राहिला. तीन सेंटिमीटरचा केला, चारही बाजूंनी कोरी जागा सोडली आणि सगळ्या प्रती मूळ कागदावरूनच काढायला सांगितलं. कोड नेमका मुख्य पानाचाच हवा. आतल्या एखाद्या पानाचा दिला आणि पुढे ते पान हललं, की वाटलेले सगळे कागद निकामी होतात.

यूजरनेम म्हणून काय द्यायचं यावर शिक्षकांच्या बैठकीत बराच वेळ गेला. सरलचा आयडी १९ अंकी आहे, यू-डायसचा पेन क्रमांक ११ अंकी. दोन्ही पालकांना पाठ नसतात आणि टाइप करताना एखादा अंक चुकतोच. शेवटी जनरल रजिस्टर नंबर घेतला. तो चार आकडी आहे आणि प्रगतिपुस्तकावर पहिल्याच ओळीत असतो. 'तुमचा यूजरनेम' एवढंच न लिहिता 'प्रगतिपुस्तकावरचा रजि. नं.' असं लिहिलं, कारण हातातला कोणता कागद बघायचा हे कळलं की माणूस अडत नाही. पहिला पासवर्ड म्हणून मुलाची जन्मतारीख ठरली, दिवस-महिना-वर्ष असे आठ अंक.

हा मसुदा सगळ्या शाळेला न देता फक्त सातवी 'ब'ला दिला. दोन दिवसांत वर्गशिक्षिकेच्या वहीत तक्रारींची रांग लागली. 'पासवर्ड चुकीचा' हे सगळ्यांचं सारखंच होतं. संकेतस्थळ करणाऱ्यांचं म्हणणं पडलं की पालक चुकीची तारीख टाकत असतील. मला ते पटलं नाही. एवढ्या माणसांना आपल्या पोराची जन्मतारीख येत नाही, हे कसं मानायचं? मी बाईंना सांगितलं, ज्यांचं अडलंय त्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे रजिस्टरमधली जन्मतारीख लिहा.

यादी समोर आली आणि तिच्यात दोन वेगळी दुखणी निघाली.

यादीतली बहुतेक मुलं महिन्याच्या १ ते ९ तारखेला जन्मलेली होती. समजा मुलगा ५ ऑगस्ट २०१३ चा आहे. त्याचा पासवर्ड व्हायला हवा 05082013. पण आमच्या क्लार्कनी तारखा एक्सेलमध्ये भरल्या होत्या, आणि एक्सेल नुसते अंक दिसले की त्याला संख्या समजतं व पुढचं शून्य काढून टाकतं. संकेतस्थळावर गेलं 5082013. पालक बरोबर आठ अंक टाकत होते आणि आतमध्ये सातच होते. उपाय साधा निघाला. शेजारच्या रकान्यात हे सूत्र घातलं की शून्य परत येतं:

```
=TEXT(C2,"00000000")
```

यात एक फसगत आहे, ती आमची झालीच. सूत्रानं दुरुस्त केलेली फाईल सीएसव्ही म्हणून जतन केली आणि 'एकदा बघून घेऊ' म्हणून पुन्हा एक्सेलमध्येच उघडून जतन केली, की शून्य परत जातं. तपासायचीच असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. भरण्यापूर्वीच रकाना 'टेक्स्ट' केला असता तर ही वेळच आली नसती.

दुसरं दुखणं शोधायला जास्त वेळ लागला, कारण उरलेली मुलं दहा तारखेनंतरचीच होती. एका आईला मी शाळेत बोलावून माझ्यासमोर टाकायला सांगितलं. तिच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड होता आणि आकडे येत होते ०, १, २ असे. परिपत्रकातही मी उदाहरण मराठी अंकांतच छापलं होतं, तेव्हा तिनं तरी दुसरं काय करावं? संगणकाला १ आणि 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. त्यात पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय चुकतंय हे दिसायला वावच नाही. संकेतस्थळवाल्यांकडून दोन गोष्टी करून घेतल्या. मराठी अंक आले तर आतल्या आत इंग्रजी करून घ्यायचे, आणि टाकलेलं दिसावं म्हणून डोळ्याचं चिन्ह द्यायचं. परिपत्रकातलं उदाहरणही मी इंग्रजी अंकांत घेतलं.

यानंतरही दोन-तीन मुलं उरली. त्यांची शाळेच्या दाखल्यावरची तारीख वेगळी आणि आधार कार्डावरची वेगळी होती. घरातले आधार बघून टाकत होते. म्हणून 'शाळेत नोंदवलेली जन्मतारीख' असे शब्द घातले आणि ती तारीख प्रगतिपुस्तकावर कुठे असते तेही लिहिलं.

मग प्रश्न आला ओटीपीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच होता. जन्मतारीख वर्गातल्या कुणालाही माहीत असते, तेव्हा पहिल्या लॉगिनलाच पासवर्ड बदलणं सक्तीचं ठेवलं होतं. त्यासाठी नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि तो दहा मिनिटं चालतो. आमच्या नोंदीत जवळजवळ सगळे नंबर वडिलांचे. सातवीतल्या एका मुलाची आजी कागद घेऊन ऑफिसात आली. म्हणाली, "बाई, नंबर पोराच्या बापाकडं, आन् त्यो हाय कारखान्यावर. त्यो सांजच्याला फडातून येतो, तवर तुमचा आकडा मरतोय." शेजारच्या मुलानं तिच्या मोबाईलवर तीनदा प्रयत्न करून दिला होता. तिकडे बापाच्या खिशात तीन ओटीपी येऊन वाया गेले होते.

यावर दोन मार्ग होते. ओटीपीची वेळ वाढवायची, किंवा मुलामागे दोन नंबर नोंदवायचे. वेळ वाढवून फड काही जवळ येत नाही. म्हणून दोन नंबर घेतले, एक आईचा किंवा वडिलांचा आणि एक घरी असलेल्या माणसाचा. पासवर्ड पालकांनी ठेवायचा, आणि हजेरी नुसती बघायची असेल तर दुसऱ्या नंबरवरूनही उघडता येईल. त्यासाठी परिपत्रकाच्या खाली कापून द्यायची पोच ठेवली. तिच्यावर दोन नंबर, नातं आणि सही किंवा अंगठा.

त्याच पोचेवर आणखी एक चौकट घातली. संकेतस्थळावर मुलाचा फोटो टाकायला संमती आहे की नाही? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. काही आयांनी 'नाही'वर खूण केली. त्यांच्या मुली स्नेहसंमेलनाच्या फोटोंत येणार नाहीत, हे मी सांस्कृतिक विभागाला लेखी कळवलं.

तिसरं परिपत्रक शेवटी एका पानाचं झालं. मजकूर थोडक्यात असा:

'पालकांस नमस्कार. शाळेचं नवं संकेतस्थळ सुरू झालं आहे. वरचा चौकोनी कोड मोबाईलच्या कॅमेऱ्यानं उघडा, किंवा खालचा पत्ता जसाच्या तसा टाका. गूगलवर शाळेचं नाव शोधू नका, त्या नावाच्या इतर शाळाही आहेत. यूजरनेमच्या जागी प्रगतिपुस्तकावरचा रजि. नं. टाका. पासवर्डच्या जागी शाळेत नोंदवलेली जन्मतारीख इंग्रजी आठ अंकांत टाका, उदा. 05082013. दिवस किंवा महिना एक अंकी असेल तर आधी शून्य. नंतर मोबाईलवर आलेला आकडा टाकून नवा पासवर्ड ठरवा. शाळेतून कुणीही फोन करून हा आकडा विचारणार नाही. संकेतस्थळावर फी भरण्याची सोय नाही. तशी लिंक आली तर ती शाळेची नाही. मोबाईल नसेल किंवा जमत नसेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात या. सूचना पूर्वीसारख्या फलकावर आणि मुलांच्या वहीतही मिळतील.'

हे शेवटचं वाक्य काहींना अनावश्यक वाटलं. ते राहिलंच पाहिजे, असं मी धरून बसले. साधा फोन असलेल्या आजीला आपल्या नातवाचं काही बुडेल अशी धास्ती वाटता कामा नये.

सातवी 'ब'ला तोच कागद पुन्हा दिला, दोन दिवस थांबले आणि मगच इतर वर्गांना वाटला. पोचा परत यायला आठवडा गेला. टोळीवरच्या आईबापांनी मुकादमाच्या मोबाईलवरून आपले नंबर कळवले, ते वर्गशिक्षकांनी हातानं भरून घेतले.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला एका वडिलांचा फोन आला. आवाजात काळजी होती. "मॅडम, पोराच्या नावापुढं काहीच दिसंना. शाळेत आला नाही का त्यो?" मुलगा वर्गातच होता. शिक्षक हजेरी संकेतस्थळावर चढवतात ती मधल्या सुट्टीपर्यंत, आणि हे मी परिपत्रकात कुठेच लिहिलं नव्हतं. मुलाला बोलावून फोनवर वडिलांशी बोलू दिलं. मग उरलेल्या प्रती कपाटातून काढल्या आणि क्लार्कना सोबत घेऊन प्रत्येकीवर पेनानं एक ओळ वाढवली: 'हजेरी रोज दुपारी १२ नंतर पाहावी. त्याआधी रकाना कोरा दिसेल; कोरा म्हणजे गैरहजर नव्हे.'