ग्रामसभेच्या धड्यावर उपयोजनाची वर्कशीट: माझा अनुभव

नागरिकशास्त्राची वर्कशीट करताना उतारा मी सगळ्यात शेवटी लिहिते. आधी ठरवते ते एकच: मुलांचा नेमका कोणता गोंधळ या कागदावर पकडायचा आहे. सहावीच्या स्थानिक शासनाच्या भागात तो शोधावा लागत नाही. ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांत मुलं हमखास गल्लत करतात. व्याख्या विचारली तर दोन्ही बिनचूक लिहितात. पण एखादा प्रसंग पुढे ठेवून 'इथे निर्णय कोणाचा?' असं विचारलं, की निम्म्या वह्यांत 'सरपंचाचा' असं उत्तर येतं. पाठांतर पक्कं असतं, फक्त ते वापरायची वेळ कधी आलेली नसते.

उताऱ्याखालचे प्रश्न साधारण तीन जातींचे निघतात. काहींचं उत्तर उताऱ्यातच जसंच्या तसं लिहिलेलं असतं, म्हणजे ती भाषेची परीक्षा झाली. काहींना उतारा लागतच नाही, पाठ केलेल्या धड्यावर भागतं. उपयोजनाचा प्रश्न तिसरा. त्याला दोन्ही लागतं: धड्यातली संकल्पना आणि उताऱ्यातला तपशील. प्रश्न लिहून झाला की मी आधी उतारा हाताने झाकते आणि उत्तर देता येतं का बघते. मग धडा न शिकलेल्या माणसाच्या नजरेने फक्त उतारा वाचून उत्तर शोधते. दोन्ही वेळा अडलं, तरच प्रश्न ठेवायचा. ही चाचणी कडक आहे. पहिल्या खर्ड्यातले बरेच प्रश्न तिथेच गळतात.

ग्रामसभेसाठी मी गणपूर्तीचा नियम पायाला घेते. महाराष्ट्रात ग्रामसभेला गावातल्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. नियम छोटा आहे, त्यात आकडा आहे आणि 'मतदार' हा शब्द आहे. या तीन गोष्टींमुळे त्यावर प्रसंग बेतता येतो. मुलांना हा नियम पाठ असण्याची गरज नाही. तो उताऱ्याखाली चौकटीत छापायचा, कारण तपासायचं आहे ते नियम लावणं. शेकडेवारी तोवर गणितात झालेली नसेल, तर चौकटीतच 'दर १०० मतदारांमागे १५' असं लिहावं. नाहीतर नागरिकशास्त्र समजलेलं मूल गणितात अडकून गुण घालवतं.

मग उतारा. मी वापरते तो असा. गाव काल्पनिक आहे.

'आंबेवाडी गावात ४८० मतदार आहेत. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बोलावली होती. झेंडावंदनानंतर सभेसाठी ८० जण थांबले. त्यांत सहावी-सातवीची १५ मुले होती, बाकी सगळे गावचे मतदार. विषयपत्रिकेवर पथदिवे बसवण्याचा विषय होता. वरच्या आळीतल्या बायकांचे म्हणणे होते की आधी नळाचे पाणी रोज यायला हवे, पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता. उपसरपंच म्हणाले, "ग्रामपंचायतीचे सातही सदस्य इथे हजर आहेत. म्हणजे बहुमत झालेच. पथदिव्यांचा ठराव लिहून टाकू." सरपंचबाईंनी ठराव लिहून घ्यायला नकार दिला.'

यातला एकही आकडा सहज टाकलेला नाही. ४८० चे १५ टक्के ७२ होतात, म्हणजे १०० पेक्षा कमी, तेव्हा ७२ हीच गणपूर्ती. मुलं वगळली तर हजर मतदार ६५. ती वगळायला विसरलं तर ८०, आणि मग गणपूर्ती झाली असं चुकीचं उत्तर येतं. चूक करणाऱ्याला वेगळं उत्तर मिळालं पाहिजे, हा आकडे निवडतानाचा माझा मुख्य नियम. चुकीच्या वाटेनेही बरोबर उत्तर येत असेल, तर तपासताना काहीच कळत नाही. या उताऱ्यात एक चोरवाट राहतेच. 'कमी असेल ती' हे शब्द न वाचता थेट १०० धरले, तरी गणपूर्ती झाली नाही असंच निघतं. म्हणून पहिल्या प्रश्नात 'आकडेमोड दाखवा' हे शब्द हवेतच, आणि ७२ लिहिल्याशिवाय पूर्ण गुण द्यायचे नाहीत.

सदस्य सात असण्यालाही कारण आहे. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असते. ४८० मतदारांच्या लहान गावाला सातच शोभतात. तिथे १३ लिहिले तर गावाकडची मुलं लगेच हात वर करतात, आणि त्यांचं बरोबर असतं. तारीखही तशीच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा मुलांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे प्रसंग खोटा वाटत नाही. माणसांना मात्र मी नावं देत नाही, पदंच ठेवते. आडनाव घातलं की वर्गात कोणाच्या तरी घराकडे बोट जातं आणि प्रश्न बाजूला पडतो.

पहिला प्रश्न दोन गुणांचा: 'या ग्रामसभेची गणपूर्ती झाली का? आकडेमोड दाखवून सांगा.' ७२ ला एक गुण, ६५ वेगळे काढून निष्कर्ष लिहिला की दुसरा.

दुसरा प्रश्न या वर्कशीटचा गाभा, तीन गुणांचा: 'उपसरपंचांचे म्हणणे योग्य आहे का? ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांचे सदस्य कोण असतात ते लक्षात घेऊन कारण लिहा.' पूर्वी असा प्रश्न मला 'तुमचे मत लिहा' या शब्दांत अनेक ठिकाणी छापलेला दिसायचा. तसं विचारलं की 'हो, कारण गावात उजेड हवा' असं उत्तर येतं, आणि त्याला चूक म्हणता येत नाही, कारण मत मागितलेलं असतं. प्रश्नातच कारणाची दिशा दिली की उत्तर तपासता येतं. नमुना उत्तर असं: 'योग्य नाही. सात सदस्यांचे बहुमत ग्रामपंचायतीच्या सभेत चालेल. ही ग्रामसभा आहे, तिचे सदस्य गावातले सर्व मतदार आहेत. त्यातले पुरेसे हजर नव्हते.' निर्णयाला एक, दोन्हींच्या सदस्यांतला फरक सांगितला तर एक आणि तो उताऱ्यातल्या प्रसंगाशी जोडला तर एक. पहिल्या प्रश्नात एखाद्याने गणपूर्ती झाली असं काढलं, तरी इथे 'सात सदस्यांवरून ते ठरत नाही' हे लिहिलं असेल तर त्याचे गुण मी देते. एका चुकीची शिक्षा दोनदा नको.

तिसरा दोन गुणांचा: 'पाण्याचा विषय ग्रामसभेपुढे यावा म्हणून वरच्या आळीतल्या बायकांना आधी काय करता आले असते?' ग्रामसभेपूर्वी गावातल्या महिलांची सभा होते, हे धड्यात असतं, पण मुलं ते एक ओळ म्हणून वाचून पुढे जातात. इथे ती ओळ कामाला लागते. 'पंचायतीत अर्ज द्यायचा' हे उत्तरही चुकीचं नाही, त्याला एक गुण. महिला सभेचा उल्लेख आला की दोन.

चौथ्यात तीन कामं देते: गेल्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब विचारणे, पथदिव्यांचे काम करून घेणे, पंचायतीचे दफ्तर सांभाळणे. कोणतं काम ग्रामसभेचं, कोणतं ग्रामपंचायतीचं, कोणतं ग्रामसेवकाचं ते लिहायचं. हा प्रश्न झाकून बघायच्या चाचणीत खरं तर नापास होतो, उताऱ्याशिवायही सुटतो. तरी तो मुद्दाम ठेवते, कारण मागे पडलेल्या मुलाला दहापैकी तीन गुणांची जागा मिळते आणि ते कागद कोरा देत नाही. असा एकच ठेवावा, तोही शेवटी.

शेजारच्या बाकासाठी दुसरा संच हवा असेल तर आकडे बदलून भागतं, पण नीट बदलावे लागतात. मतदार ९००, हजर ११८, त्यांत मुलं १२. इथे १५ टक्के १३५ होतात, म्हणून १०० लागू पडतात. हजर मतदार १०६ आहेत, तेव्हा गणपूर्ती झाली. या संचात सापळा डोकी मोजण्यात नाही, नियम अर्धा वाचण्यात आहे: फक्त १५ टक्के काढणारा 'झाली नाही' लिहितो. दुसरा प्रश्न मात्र इथे थोडा बदलावा लागतो, कारण ठराव करता येतो. उपसरपंचांचा निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक, अशी स्थिती येते. सहावीतल्या हुशार मुलांनाही हे जड जातं, म्हणून हा संच मी त्यांनाच देते. साधारण ६६७ मतदारांपर्यंत १५ टक्क्यांची बाजू चालते आणि त्यापुढे १०० ची, हे लक्षात ठेवलं की आणखी संच करणं सोपं जातं.

छपाईत एकच गोष्ट सांभाळायची. उतारा, चौकट आणि चारही प्रश्न कागदाच्या एका बाजूला बसले पाहिजेत. उतारा मागे आणि प्रश्न पुढे असले की मुलं पुन्हा वाचायला कागद उलटत नाहीत, आठवणीतून लिहितात, आणि मग ६५ च्या जागी ८० येतात. दोन गुणांना तीन ओळी आणि तीन गुणांना पाच ओळी पुरतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत उतारा एकदा मोठ्याने वाचून घेऊनही हे बसतं.

दरवर्षी वर्कशीट पुन्हा काढण्याआधी कायद्यात काय बदललं ते बघावं लागतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांमधून, हे २०१७ मध्ये बदललं, २०२० मध्ये पुन्हा मागे गेलं आणि २०२२ मध्ये परत थेट निवडणूक आली. म्हणून सरपंचाची निवड कशी होते यावर मी प्रश्न बांधत नाही. पुस्तकातलं उत्तर आणि गावात घडलेली निवडणूक जुळली नाही, तर गुण कोणाला द्यायचे हा वाद मिटत नाही. ग्रामसेवक हे पदनामही आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालं आहे. चौथ्या प्रश्नात मुलाने कोणतंही नाव लिहिलं तरी ते बरोबर धरायचं, आणि उत्तरसूचीत दोन्ही छापायची, म्हणजे गठ्ठा दुसऱ्या शिक्षकाने तपासला तरी गुण बदलत नाहीत.