पनीरवाल्या मामांनी टोफू फाडला तेव्हा

आमचं धायरीला छोटं डेअरी युनिट आहे, रोज पनीर जातं. मागे एका कॅफेने टोफू करून द्याल का विचारलं. सोया दूध तयार झालं आणि आमचे जुने कारागीर मामा म्हणाले, "मॅडम, फाडायचंच आहे ना, मग आपलं सायट्रिकच टाकू." आणि टाकलंही.

फाटलं, हो. पण बारीक रवाळ दाणे आले, दाबून वडी कापायला घेतली तर सुरीखाली भुगा, आणि चव आंबट. मामा बिचारे नाराज, म्हणे "पनीर तर असंच होतं की!"

खरंय, पनीर असंच होतं. म्हशीचं दूध नव्वद डिग्रीला नेऊन जरा उतरवायचं, मग लिटरला साधारण 2 ग्रॅम सायट्रिक पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचं. दुधातले केसिनचे कण एकमेकांना लांब ढकलत असतात कारण सगळ्यांवर ऋण भार असतो, आंबटपणाने तो भार कमी झाला की ते चिकटतात, तूपही त्यातच अडकतं आणि खाली हिरवट, नितळ निवळी राहते. सोयाची प्रथिनं वेगळी, ती घट्ट गुंडाळलेली असतात. आधी दूध नीट उकळून ती उलगडावी लागतात, नाहीतर टोफू नीट बसतच नाही. गाईम्हशीच्या दुधाला हे बंधन नाही, दही कच्च्या दुधाचंही लागतं.

मग उलगडलेल्या प्रथिनांना जोडायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं मीठ. जपानी निगारी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड, ते झटकन पकडतं. आम्ही फूड ग्रेड जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट घेतलं, किलोभर सोयाबीनच्या दुधाला साधारण 25 ग्रॅम. ते पाण्यात फार विरघळत नाही, म्हणून ढवळून लगेच ओतायचं, दूध पंचाहत्तर-ऐंशी डिग्रीला असताना. हळूहळू सुटतं म्हणून जाळी सावकाश बनते आणि पाणी धरून ठेवते, टोफूचा तो लुसलुशीतपणा इथूनच येतो. ओतून दोनदा ढवळलं की हात काढायचा, झाकून पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. मामांना हेच जड गेलं, ते सारखे झारा घालायला बघत होते, आणि बसायला लागलेलं दही मोडलं की परत रवाच होतो! मी झाराच काढून घेतला.

झाकण उघडलं तर अखंड थर, कडेला पिवळसर स्वच्छ पाणी. पाणी दुधाळ असेल तर जिप्सम कमी पडलंय, थर कडक आणि चव कडवट आली तर जास्त झालंय. मग मलमलवर घालून हलकं वजन ठेवलं.

मामांनी तुकडा चाखून विचारलं, "मग दोन्ही एकाच जातीचं का?" मी म्हटलं कूळ एक मामा, दोन्ही गरम प्रथिनं साकळवूनच होतात, पण एकाला आंबट जोडतं आणि दुसऱ्याला खार. अर्थात ही रेघ पक्की नाहीये, लिंबानेही टोफू होतो आणि रसगुल्ल्याचा छाना करायला गरम दुधात कॅल्शियम लॅक्टेट घालतात. "म्हणजे आपलं पनीर पण खाराने फाटेल?" फाटेल. पुढच्या आठवड्यात पाच लिटरवर करून बघायचं ठरलंय.